खाच दिसली म्हणून गोळी मोडू नका

चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे १/२ – ० – ० असं लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी अर्धी गोळी, दुपारी आणि रात्री काही नाही. पहिल्यांदाच घरातल्या कुणाची औषधं सांभाळणारा माणूस इथेच अडखळतो. कुणी ते 'एक किंवा दोन' असं वाचतं, कुणी सरळ भाजीची सुरी काढतं. खरं तर सुरी, कटर किंवा बोटं यातलं काहीही हातात घेण्याआधी गोळ्यांची पट्टी हातात घ्यायला हवी. गोळी कशी कापायची हा सोपा भाग आहे. ती कापायची की नाही हे ओळखणं अवघड आहे, आणि त्याचं उत्तर गोळीवरच्या खाचेत नसून पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं.

एकच घर धरून चालू. समजा, परळमध्ये राहणाऱ्या ६८ वर्षांच्या आजी आहेत. रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे. त्यांच्या डब्यात चार पट्ट्या आहेत: ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिलिग्रॅम, ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० यांची एकत्र गोळी, आणि पॅन्टोप्राझोल ४०. पायांवर सूज यायला लागली म्हणून डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ वरून अडीचवर आणलं. ही सूज या औषधात ओळखीची आहे आणि डोस वाढला की वाढते. घरात ५ च्या १२ गोळ्या शिल्लक आहेत, त्या अर्ध्या करून संपवा, असं त्यांनी सांगितलं. मेटोप्रोलॉलही अर्धीच लिहिली. शिवाय आजींची स्वतःची एक मागणी आहे: "ती साखरेची मोठी गोळी घशाखाली उतरत नाही गं, मोडून दे."

चारही पट्ट्या साध्याच दिसतात, पण चौघींची उत्तरं वेगळी आहेत.

पट्टी कुठून वाचायची

पट्टीवरचा मजकूर इंग्रजीत असतो. इथे तो उच्चाराप्रमाणे लिहिला आहे, पट्टी शेजारी ठेवून ताडून बघा.

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव असतं. त्या नावाला चिकटून आलेली छोटी अक्षरं आधी बघा. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर, एमआर यांपैकी काही दिसलं तर ती गोळी औषध एकदम सोडत नाही, कित्येक तास हळूहळू सोडते. डीआर किंवा ईसी असेल तर तिच्यावर पोटातल्या आम्लात न विरघळणारा लेप असतो. दोन्ही प्रकारांत 'कापू नये' असंच धरून चालायचं, नंतर कुठे परवानगी सापडली तर गोष्ट वेगळी. ओडी या अक्षरांनी फसायला होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्यांचा अर्थ फक्त 'दिवसातून एकदा' असा असतो. गोळीच्या नावात मात्र ती बऱ्याचदा हळू सुटणाऱ्या गोळीची खूण असतात. नावामागचं एम किंवा एएम हे सहसा जोडीच्या औषधाचं आद्याक्षर असतं, म्हणजे मेटफॉर्मिन किंवा ॲम्लोडिपिन. त्यावरून कापण्याबद्दल काही कळत नाही. एवढं मात्र कळतं की अशी गोळी अर्धी केली तर आतली दोन्ही औषधं अर्धी होतील.

आता पट्टी उलटा. मागे 'ईच … टॅब्लेट कंटेन्स' अशी एक ओळ असते. 'ईच' आणि 'टॅब्लेट' यांच्यामध्ये जो शब्द असतो, त्यात गोळीची जात सांगितलेली असते. तो 'अनकोटेड' असेल तर साधी गोळी. 'फिल्म कोटेड' असेल तर वर पातळ आवरण आहे. ते बहुतेकदा चव, रंग किंवा ओल आणि उजेडापासून बचाव यासाठी असतं, त्यामुळे निव्वळ या शब्दावरून कापायला मनाई होत नाही. 'प्रोलाँग्ड रिलीज', 'सस्टेन्ड रिलीज', 'एक्स्टेंडेड रिलीज', 'मॉडिफाइड रिलीज' हे शब्द म्हणजे हळू सुटणारी गोळी. 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट', 'एन्टेरिक कोटेड', 'डिलेड रिलीज' म्हणजे आम्लरोधक लेप.

'अनकोटेड' शब्द वाचून इथेच थांबू नका. आजींच्या साखरेच्या गोळीवर लिहिलेलं असतं 'ईच अनकोटेड बायलेयर्ड टॅब्लेट कंटेन्स', खाली ग्लिमेपिराइड १ एमजी, आणि त्याखाली मेटफॉर्मिन ५०० एमजी. मेटफॉर्मिनच्या पुढे कंसात, सगळ्यात बारीक टायपात, 'इन सस्टेन्ड रिलीज फॉर्म'. पहिला शब्द वाचून साधी गोळी समजलात, तर कंसात लपलेली खरी गोष्ट निसटते. म्हणून ही ओळ शेवटच्या कंसापर्यंत वाचायची.

तिसरी जागा म्हणजे सूचनेची ओळ. काही पट्ट्यांवर ती असते, काहींवर नसते, काहींची फक्त खोक्यातल्या घडीच्या कागदावर असते. 'टू बी स्वॉलोड होल' म्हणजे अख्खी गिळायची, अर्धी करून चालणार नाही. 'नॉट टू बी क्रश्ड ऑर च्यूड' या ओळीने मात्र घोळ होतो. ती कुटू नका, चावू नका एवढंच म्हणते, कापण्याबद्दल गप्प असते. मग काय करायचं? ही ओळ आणि 'रिलीज'वाला शब्द एकाच पट्टीवर असतील, तर गप्प बसण्याचा अर्थ नकार असा घ्यायचा. कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल की खाचेवर दोन भाग करता येतात, तेव्हाच तो होकार.

पट्टीवरची उभी लाल रेघ आणि लाल चौकटीतला इशारा यांचा कापण्याशी काही संबंध नाही. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, एवढंच त्यातून सांगितलेलं असतं. त्या रेघेवरून कापायचं असतं, असं समजणारे लोकही भेटतात.

मुंबईत आणखी एक अडचण असते. मेडिकलमध्ये 'पाचच द्या' म्हटलं की कात्रीने पट्टी कापून मिळते, आणि नेमकी 'ईच टॅब्लेट कंटेन्स'ची ओळ दुकानातल्या उरलेल्या अर्ध्या भागावर राहते. अर्ध्या करायच्या गोळ्या असतील तर अख्खी पट्टी घ्या. नाहीतर काउंटरवरच मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. घरी आल्यावर गोळ्या काढायला सुरुवातही अशा टोकाकडून करा, जिथे एक्सपायरीची तारीख छापलेली नाही.

चार पट्ट्या, चार उत्तरं

पॅन्टोप्राझोलचं उत्तर सरळ आहे: कापायची नाही. हे औषध आम्लात टिकत नाही. लेप त्याला जठरातून सुखरूप पार करतो आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतो. गोळी कापली की चिरलेल्या बाजूने औषध उघडं पडतं, जठरातच खराब होतं आणि आतड्यापर्यंत फार थोडं पोचतं. वाईट भाग असा की कळत काहीच नाही. गोळी घेतल्याचं समाधान असतं आणि छातीतली जळजळही असते. डॉक्टरांना डोस कमी करायचा असेल तर २० ची गोळी मिळते.

साखरेची मोठी गोळी, जी आजींना मोडून हवी आहे, तीही नाही. तिच्यातलं मेटफॉर्मिन एका फुगणाऱ्या पदार्थात मिसळून दाबलेलं असतं. पोटात पाणी लागलं की त्या पदार्थाचं वरून जेलीसारखं वेष्टन होतं आणि औषध त्यातून झिरपत बाहेर येतं. अख्ख्या गोळीचा पृष्ठभाग किती आणि त्यातून किती वेळात किती औषध झिरपेल, याचा हिशोब कंपनीने केलेला असतो. मध्ये चीर पडली की दोन नवे पृष्ठभाग उघडतात आणि तो हिशोब मोडतो. कुटून दिली तर सगळं मेटफॉर्मिन जवळजवळ एकाच वेळी सुटतं, मग मळमळ आणि जुलाब. पैसे वाचवायला कुणी एकच अर्धा भाग दिला तर आणखी एक घोटाळा होतो: ग्लिमेपिराइडही अर्धं जातं आणि साखर वर राहते.

मग घशाचं काय? डॉक्टरांना तेच सांगायचं: गोळी गिळता येत नाही. दोन्ही औषधं वेगळी लिहिता येतात आणि मेटफॉर्मिन साध्या प्रकारात, लहान गोळीत, दिवसातून दोनदा विभागून देता येतं. तो बदल त्यांनी करायचा, आपण कटरने नाही. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पाहून घरातले घाबरतात. अशा गोळीचा मऊ, रिकामा सांगाडा कधी कधी शौचातून बाहेर पडलेला दिसतो. औषध निघून गेलेलं असतं, उरलेलं फक्त ते फुगलेलं वेष्टन असतं. त्यामुळे 'गोळी विरघळतच नाही, कुटून देऊ' असा निष्कर्ष काढू नका.

मेटोप्रोलॉल सक्सिनेटचं उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. नावात ईआर किंवा एक्सएल आहे, मागे 'एक्स्टेंडेड रिलीज' आहे, तरीही डॉक्टर अर्धी लिहितात, आणि ते बरोबर असू शकतं. ही गोळी मूळच्या पद्धतीने बनवलेली असेल तर आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतःचा लेप असतो. खाचेवर मोडली की दाणे इकडे-तिकडे वाटले जातात, दाण्यांचा लेप शाबूत राहतो. चावली किंवा कुटली तर मात्र दाणेच फुटतात. म्हणून अशा गोळीच्या कागदावर दोन गोष्टी एकत्र लिहिलेल्या असतात: खाचेवर दोन भाग करता येतात, पण भाग चावू किंवा कुटू नयेत. मात्र या नावाने विकली जाणारी प्रत्येक गोळी दाण्यांचीच असेल असं नाही. म्हणून तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: डॉक्टरांनी अर्धी लिहिली आहे, गोळीवर खाच आहे, आणि त्याच कंपनीच्या कागदावर भाग करायला परवानगी आहे. तिसरी सापडली नाही तर २५ ची गोळी मागा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५ बाजारात मिळतं.

राहिली ॲम्लोडिपिन: अनकोटेड, कुठलीही 'रिलीज' नाही, आणि आजींच्या पट्टीतल्या गोळीवर एका बाजूला आरपार खाच आहे. ही कापायची. दुसऱ्या कंपनीच्या ॲम्लोडिपिनवर खाच नसेलही. मेडिकलवाल्याने 'तेच औषध, वेगळी कंपनी' दिली की घरी आल्यावर खाच पुन्हा बघा आणि मागची ओळ पुन्हा वाचा.

अर्धी म्हणजे नेमकी किती अर्धी

दोन्ही भाग तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत, आणि व्हावेत अशी अपेक्षाही नसते. युरोपच्या औषधकोशात खाचेच्या गोळीची एक कसोटी आहे. ३० गोळ्या हाताने मोडायच्या, प्रत्येकीचा एक भाग घ्यायचा आणि तो वजन करून बघायचा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्के या पट्ट्याबाहेर जास्तीत जास्त एकच भाग चालतो, आणि ७५ ते १२५ च्या बाहेर एकही नाही.

आजींच्या गोळीवर हे लावून बघू. समजा अख्खी गोळी १६० मिलिग्रॅम वजनाची आहे. त्यात औषध फक्त ५ मिलिग्रॅम, बाकी सगळा भराव. अर्ध्या भागाचं वजन ८० व्हायला हवं, म्हणजे ६८ ते ९२ पर्यंत चालेल. ६८ चा भाग आला तर त्यात औषध साधारण २.१ मिलिग्रॅम, उरलेल्या ९२ च्या भागात २.९. आज २.१ आणि उद्या २.९ गेलं तर ॲम्लोडिपिनच्या बाबतीत रक्तदाबाला ते फारसं जाणवत नाही, कारण शरीरातलं हे औषध निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. दोन दिवसांची बेरीज ५ झाली की काम झालं.

यातूनच सगळ्यात उपयोगी नियम निघतो: एका गोळीचे दोन्ही भाग लागोपाठच्या दोन डोसांत संपवा, मगच दुसरी कापा. बाराही गोळ्या एकदम कापून डबीत टाकल्या तर लहान भाग सलग चार दिवस हाताला लागू शकतात, आणि मग ही भरपाई होत नाही.

घरच्या छोट्या डिजिटल काट्यावर भाग मोजायचा मोह होतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ८० मिलिग्रॅमचा भाग ०.०७, ०.०८ किंवा ०.०९ असा दिसणार. एवढ्या जाड मापाने काही ठरत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवा: दोन्ही भाग पुन्हा जोडून बघा, रेघ खाचेतून गेली आहे का आणि कडेचा टवका उडाला आहे का.

सगळी औषधं ॲम्लोडिपिनसारखी समजूतदार नसतात. रक्त पातळ करणारं असिनोकुमारॉल किंवा हृदयाचं डिगॉक्सिन यांत थोडा फरकही महत्त्वाचा असतो. यांची अर्धी लिहिली असेल तर वाकडा कापलेला भाग 'चालेल' म्हणून देऊ नका, आणि कमी ताकदीची गोळी मिळते का हे आधी विचारा.

कापायची रीत

प्लॅस्टिकचा टॅब्लेट कटर बऱ्याच मेडिकलमध्ये मिळतो. नसेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत नक्की बघा. विकत घेताना झाकण उघडून पातं तपासा: ते डुगडुगत नसावं आणि झाकण मिटल्यावर बरोबर खालच्या फटीत उतरावं. गोळी ठेवायची जागा इंग्रजी व्ही अक्षरासारखी कोनाची असते आणि पातं त्या कोनाच्या मधोमध उतरतं. त्यामुळे गोल गोळी दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवली की तिचा मध्य आपोआप पात्याखाली येतो. या कोनाच्या भिंती रबरासारख्या, किंचित पकड घेणाऱ्या असतील तर उत्तम.

१. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कटर कोरडा आणि सपाट, कडा असलेल्या ताटलीत ठेवा, म्हणजे एखादा तुकडा उडाला तरी सापडतो.

२. एकच गोळी पट्टीतून काढा. पट्टीत असताना फॉइलसकट कापू नका. फॉइलचे कण गोळीला चिकटतात आणि पातंही बोथट होतं.

३. खाचेची बाजू वर ठेवून गोळी कोनात सरकवा. खाच पात्याच्या रेषेत यायला हवी. लांबट गोळी आडवी ठेवायची, तिची दोन्ही टोकं भिंतींपासून सारख्या अंतरावर. खाच आणि पातं जुळतंय का हे झाकण अर्धं खाली आणून वरून बघा.

४. बोट बाहेर काढा. झाकण एका दमात, ठाम हाताने खाली दाबा. हळूहळू दाबत गेलं की पातं गोळीला चिरण्याऐवजी दाबत राहतं आणि ती खाचेत न फुटता कडेने फुटते.

५. झाकण सावकाश उघडा. दोन्ही भाग ताटलीत घ्या, जोडून बघा. एक आजचा. दुसरा उद्याचा.

६. कटरमधला चुरा कोरड्या ब्रशने किंवा कानाच्या काडीने झाडा. दुसरं औषध कापायचं असेल तर हे आधी करायलाच हवं, नाहीतर मेटोप्रोलॉलचा भुगा ॲम्लोडिपिनला लागेल.

खोल खाचेची गोळी हातानेही मोडते. खाच वर, दोन्ही बाजूंना अंगठा-तर्जनी, आणि टोकं खाली वाकवायची, म्हणजे खाच उघडते आणि चीर तिथूनच जाते. खाच खाली धरून तेच केलं तर खाच मिटते आणि गोळी भलतीकडेच फुटते. आजींच्या बोटांत जोर नसेल किंवा हात कापत असेल तर मात्र कटरच बरा.

बिघडलं हे कसं ओळखायचं

गोळीचा चुरा होत असेल तर कारण तीनांपैकी एक असतं: पातं बोथट, दाब हळू किंवा गोळी सादळलेली. सादळलेली गोळी कापताना नीट तुटत नाही, दाबल्यावर चेपते आणि कापलेली कड खडबडीत दिसते. पातं बोथट असेल तर सगळ्याच गोळ्या चुरतात. सादळलेली असेल तर त्याच एका पट्टीतल्या. चुरलेली गोळी गोळा करून 'अंदाजे अर्धी' देऊ नका, ती टाकून दुसरी घ्या. चांगल्या कापणीतही थोडी भुकटी पडतेच. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत भाग करताना जाणारं वजन ३ टक्क्यांपेक्षा कमी असावं, असं सांगितलं आहे. आपल्या १६० मिलिग्रॅमच्या गोळीत ते पाच मिलिग्रॅमसुद्धा होत नाही, म्हणजे ताटलीत फक्त धूळ दिसली पाहिजे. तुकडे दिसायला लागले तर कापणी चुकली.

दर वेळी एकच बाजू मोठी येत असेल तर गोळीला दोष देऊ नका. पातं तिरकं बसलंय किंवा कोनात जुना चुरा साचून गोळी एका बाजूला सरकतेय. झाडून बघा. तरीही तेच झालं तर कटर बदला. पातं काढून घरी धार लावायच्या भानगडीत पडू नका. कटर धुतलात तर रात्रभर उघडा वाळू द्या, पाणी राहिलं तर कोनातच पुढची गोळी सादळेल.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मुंबईत हाच भाग सगळ्यात जास्त बिघडतो. वर सांगितलेल्या अमेरिकन सूचनांत कापलेल्या गोळ्या ९० दिवस टिकतात का हे बघायला २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरलेली आहे. जुलैत आपल्या घरातली हवा त्याहून कितीतरी ओली असते, आणि मे महिन्यात पट्टीवर लिहिलेली ३० अंशांची मर्यादाही दुपारी ओलांडली जाते. कापलेल्या बाजूला ना आवरण, ना फॉइल. म्हणून कटरच्या कप्प्यात आठवडाभराचे भाग साठवू नका. तो कप्पा हवाबंद नसतो. उद्याचा एकच भाग लहान, कोरड्या, घट्ट झाकणाच्या, उजेड आत न जाणाऱ्या डबीत ठेवा, डबीवर औषधाचं नाव आणि 'अर्धी' असं लिहा, आणि डबी त्याच पट्टीसोबत ठेवा. ओट्यावर किंवा न्हाणीघराच्या कपाटात नको. फ्रिजमध्येही नको: बाहेर काढल्यावर गार गोळीवर दव धरतं.

काही औषधं या बाबतीत अगदीच नाजूक असतात. रक्तदाबाचं टेल्मिसार्टन हवेतली ओल भराभर ओढून घेतं, म्हणून ते बहुतेकदा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत येतं. अशी पट्टी दिसली की समजायचं, गोळी आधी काढून ठेवायची नाही, कापून ठेवण्याचा तर प्रश्नच नाही. टेल्मिसार्टन ४० ची अर्धी लिहिली असेल तर २० ची गोळी मागणं सोयीचं.

ज्या गोळ्यांना घरच्या कटरने हात लावायचा नाही

कॅन्सरवरच्या गोळ्या आणि सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा दिलं जाणारं मेथोट्रेक्झेट कापू नका. त्यांचा भुगा हाताला आणि श्वासात जाणं घातक असतं. प्रोस्टेटसाठी दिलेल्या फिनास्टेराइडची मोडलेली गोळी घरातल्या गरोदर बाईने हाताळू नये. जिभेखाली ठेवायच्या आणि तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या इतक्या ठिसूळ असतात की पात्याखाली त्यांचं पीठच होतं. कॅप्सूल ही गोळी नव्हे, ती कापायची नसते.

१२ गोळ्या संपल्यावर

आजींच्या १२ गोळ्यांचे २४ भाग, रोज सकाळी एक, म्हणजे २४ दिवस. पट्टीवर मार्करने '५ – अर्धी' लिहून ठेवा आणि पहिल्या दिवसाची तारीख टाका. तेविसाव्या दिवशी शेवटची गोळी कापायला निघते. पंचविसाव्या दिवसासाठी नवी पट्टी आधीच आणून ठेवा.

नवी पट्टी आणताना सगळ्यात जास्त चूक होते. ॲम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅमचीही मिळते, आणि डॉक्टर बहुधा तीच लिहितील. पण घरात 'सकाळी अर्धी' हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की अडीचची गोळीही कटरमध्ये जाते आणि आजींना जेमतेम सव्वा मिलिग्रॅम मिळतं. उलटंही होतं: चिठ्ठी अडीचची असते, मेडिकलमध्ये ५ ची पट्टी मिळते, 'अर्धी घ्या' हे तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही, आणि आजींच्या पायांना पुन्हा सूज येते. म्हणून नवी पट्टी हातात पडली की आधी आकडा बघा. २.५ असेल तर '५ – अर्धी' लिहिलेली जुनी रिकामी पट्टी टाकून द्या, नवीवर 'अख्खी' लिहा आणि कटर मेटोप्रोलॉलच्या पट्टीशेजारी ठेवून द्या.